वकिलाने स्वतःविषयी किती सांगावे?

मेहरूणच्या रस्त्याने जाताना दवाखान्यांच्या आणि वकिलांच्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात. डॉक्टरांच्या पाटीवर 'हृदयरोगतज्ज्ञ', 'मधुमेहतज्ज्ञ' असे ठसठशीत लिहिलेले असते. वकिलांच्या पाटीवर मात्र नाव, पदवी आणि 'वकील' एवढाच मजकूर. वकिली व्यवसायात तज्ज्ञ नाहीत असे नव्हे. एखादा वकील आयुष्यभर फक्त जमिनीचे दावे चालवतो, हे गावाला ठाऊक असते. परंतु ते स्वतःच्या पाटीवर लिहिण्याची त्याला मुभा नाही. पाटीची ही अडचण आता संकेतस्थळावरच्या परिचयपत्रकालाही येऊन भिडली आहे. अशा पत्रकात काय बसते आणि काय बसत नाही, हे पाहण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

या बंधनाचे मूळ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 36 क्रमांकाच्या नियमात आहे. वकिलाने प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष रीतीने काम मागू नये व जाहिरात करू नये, असे तो सांगतो. परिपत्रके, दलाल, ओळखीपाळखीवाचून घेतलेल्या भेटी, आपण चालवलेल्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रात छापून आणलेले छायाचित्र, हे सर्व त्यात येते. पाटी माफक आकाराची असावी. पाटीवर वा कागदपत्रांच्या मथळ्यावर आपण एखाद्या संघाचे अध्यक्ष वा सदस्य आहोत, अमुक संस्थेशी संबंधित आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो, किंवा विशिष्ट प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य बाळगतो, यांपैकी काहीही दर्शवू नये.

ही शिस्त स्वातंत्र्योत्तर काळातली नव्हे. 1929 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. एका प्लीडरने लोकांना पोस्टकार्डे पाठवली. त्यांवर स्वतःची स्तुती नव्हती. नाव, पत्ता आणि आपण कोण याचे वर्णन, इतकेच होते. न्यायालयाने तेवढ्यालाही अनुचित जाहिरात ठरवले. आपला खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने येथील वकिलांनाही तो निर्णय लागू होता. गमतीची गोष्ट अशी की, निकालपत्राच्या शीर्षकात त्या प्लीडरचे नाव नाही, केवळ 'एस.' हे अक्षर आहे. ज्याला नाव सर्वांपर्यंत पोहोचवायचे होते, तो कायद्याच्या ग्रंथांत अनामिक राहिला!

या निर्णयातला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मजकूर खरा आहे का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. न मागता तो दुसऱ्याच्या दारी गेला, यात दोष होता. पाटी वाचायला माणूस स्वतः येतो. पोस्टकार्ड माणसाकडे जाते. संकेतस्थळ या दोहोंपैकी कशासारखे? सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका रिट अर्जाच्या निमित्ताने हा प्रश्न पुढे आला आणि 2008 साली बार कौन्सिलने नियम 36 ला एक परंतुक जोडले. संकेतस्थळावर माहिती देता येईल, पण ठरवून दिलेल्या परिशिष्टाप्रमाणेच, कौन्सिलला कळवून आणि तिच्या मान्यतेने. परिशिष्टात नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल, सनदेचा क्रमांक, तारीख, राज्य बार कौन्सिल व वकील संघाचे सदस्यत्व, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, आणि शेवटी कार्यक्षेत्र, एवढेच रकाने आहेत. कार्यक्षेत्राची उदाहरणे म्हणून दिवाणी, फौजदारी, करविषयक, कामगारविषयक अशी नावे दिली आहेत. खाली 'दिलेली माहिती खरी आहे' असे प्रतिज्ञापन हवे. याहून अधिक काही लिहिले तर तो नियमभंग, आणि 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली चौकशी. तिचा शेवट ताकिदीवरही होऊ शकतो, सनद काही काळ निलंबित होण्यावरही आणि सूचीतून नाव कमी होण्यावरही.

आता एक कच्चा मसुदा कल्पू या. समजा, मेहरूणमधील एका वकीलसाहेबांनी आपल्या चेंबरसाठी असे लिहिले: "भूसंपादन प्रकरणांतील जळगावचे विश्वासू तज्ज्ञ. पंचवीस वर्षांचा प्रदीर्घ अनुभव. वकील संघाचे माजी अध्यक्ष. बँकेच्या पॅनेलवर. शेकडो शेतकऱ्यांना वाढीव मोबदला मिळवून दिला. पहिला सल्ला मोफत."

'विश्वासू' आणि 'तज्ज्ञ' ही विशेषणे प्रथम जातात. 'भूसंपादन' हा शब्द मात्र माझ्या मते राहू शकतो, कारण परिशिष्टातील यादीच्या शेवटी 'इत्यादी' आहे आणि तो कामाचा प्रकार सांगतो, कौशल्याची प्रतवारी नव्हे. 'भूसंपादनाची कामे करतो' आणि 'भूसंपादनात निष्णात आहे' या दोन वाक्यांमधले अंतर भाषेत थोडे, नियमात फार मोठे आहे. अध्यक्षपद जाते. सदस्यत्वाची गंमत अशी की, पाटीवर ते निषिद्ध आणि परिशिष्टात मात्र त्याला रकाना! बँकेचे पॅनेल म्हणजे संस्थेशी संबंध दाखवणे, म्हणून तेही बाद. शेकडो शेतकरी आणि मोफत सल्ला यांना कुठलाच रकाना नाही, आणि हेतूने तर ती उघड जाहिरातच आहे.

राहता राहिला पंचवीस वर्षांचा अनुभव. हे विधान अगदी खरे असले तरी परिशिष्टात 'अनुभव' असा रकानाच नाही. परंतु सनदेची तारीख आहे! 2001 ची सनद असेल तर वाचक स्वतः बेरीज-वजाबाकी करील. नियम वकिलाला अनुभव मिरवू देत नाही, पण मोजू देतो. ही मोजणी अर्थात ढोबळ आहे. मधली काही वर्षे सनद स्थगित ठेवून त्याने नोकरी केली असेल, किंवा भूसंपादनाचे पहिले प्रकरण गेल्या वर्षीच हाती घेतले असेल, तर तारखेवरून त्याचा मागमूस लागत नाही.

येथे पक्षकाराची बाजू मला विचारात घ्यावीशी वाटते. रावेर-यावलकडच्या ज्या शेतकऱ्याची केळीची जमीन रस्त्यात गेली, त्याला भूसंपादन जाणणारा वकील हवा असतो. पाटी सांगत नाही, पत्रक सांगत नाही. मग तो न्यायालयाच्या आवारातल्या दलालाला विचारतो, म्हणजे ज्याला नियम सर्वांत कडकपणे निषिद्ध मानतो त्यालाच. मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाबाहेर पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचे प्रकरण 1970 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'विशिष्ट माणसाकडे विशिष्ट खटला मागितला तरच दोष' हा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने काढलेला संकुचित अर्थ न्यायालयाने तेथे मान्य केला नाही. झडप थांबवणे योग्यच होते. पण झडपेची जागा घेणारी माहिती पक्षकाराला कोठून मिळावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वकिलांना तारे देऊन क्रमवारी लावणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये कारवाईचे निर्देश दिले, तेव्हाही तो सुटला नाही.

एक मार्ग मात्र आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. त्या वकिलाने कोणत्या प्रकारची प्रकरणे चालवली, किती प्रलंबित आहेत, किती निकाली निघाली, हे तेथे पाहता येते. ही नोंद न्यायालयाची आहे. वकिलाने स्वतःविषयी लिहिलेली नव्हे. नावात अक्षराचा फरक असेल तर प्रकरणे सुटतात, आणि एकाच नावाचे दोन वकील असले तर मिसळतात. म्हणून नावासोबत सनदेचा क्रमांकही हाताशी असणे बरे. वर खोडून उरलेल्या मसुद्यात तो पहिल्या काही ओळींतच आहे: नाव, पत्ता मेहरूण, जळगाव, सनद क्रमांक व 2001 ची तारीख, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, वकील संघाचे सदस्य, बी. ए., एलएल. बी.; कार्यक्षेत्र दिवाणी व भूसंपादन.