केबल तुटली की आधी खड्डा राखा

पूर्णगडात इंटरनेट गेलं की लोक कंपनीला फोन करण्याआधी माझं दार वाजवतात. टेलिफोन खात्यात माझी उमेदीची वर्षं केबलींचे जॉइंट मारण्यात गेली, आधी तांब्याच्या आणि नंतर फायबरच्या. माझी पात्रता एवढीच. पण ऐन आंब्याच्या हंगामात पावसच्या बाजूला रस्त्याकडेनं नळपाणी योजनेचा चर खणायला जेसीबी लागला आणि सकाळी अकराच्या सुमारास गावाचं नेट गेलं, तेव्हा तिला चांगलंच काम पडलं.

शेजारची वहिनी सांगत आली की मोडेमवर लाल दिवा लुकलुकतोय. तिच्या पाठोपाठ आंब्याच्या पेट्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी घेणारा एक मुलगा आला. त्याचे सगळे दिवे हिरवे होते, पण एक पान उघडत नव्हतं. दोघांच्या कंपन्या वेगळ्या. दोघांचं म्हणणं मात्र एकच, की मोडेम बिघडला असणार.

मोडेम बिघडलेला नव्हता. त्यावर दोन दिवे असतात, ते नीट वाचता आले की निम्मं निदान घरबसल्या होतं. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर तुमच्या घरापर्यंत प्रकाशच पोचत नाही. म्हणजे घर आणि कंपनीचं जवळचं यंत्र यांच्यामध्ये कुठेतरी काच तुटली आहे. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असूनही नेट नसेल, तर घरापासून त्या यंत्रापर्यंतची तार ठीक आहे आणि घोटाळा त्याच्या पलीकडे, म्हणजे रत्नागिरीकडून येणाऱ्या मोठ्या केबलवर किंवा यंत्रातच आहे. वहिनीच्या कंपनीचं यंत्र पावसला, मुलाच्या कंपनीचं गावात. पावस आणि पूर्णगड यांच्या मध्ये एकाच जागी दोन्ही केबली तुटल्या, तर एका घरात लाल आणि दुसऱ्यात हिरवा दिसणार, आणि तसंच दिसत होतं. मोबाइलचे दांडेही गेले होते. टॉवरलाही त्याच केबलीतून जोड असतो, त्यामुळे ‘फायबर गेलं तर मोबाइलवर भागवू’ हा हिशेब अशा दिवशी चुकतो. दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवणं बरं, पण इथे दोन्ही कंपन्या एकाच साइडपट्टीतून गेलेल्या. रस्ता एक, चर एक.

मी चालत त्या चरापाशी गेलो. जेसीबीचं बकेट वर होतं आणि मुकादम खड्डा बुजवायच्या तयारीत होता.

“काका, काळजी नको. वायर आमच्या माणसानं जोडलीय.”

“कशानं?”

“चिकटपट्टीनं.”

हसू आलं, पण त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही. तांब्याची तार पिळून पट्टी लावली की बोलणं सुरू व्हायचं, हे मीच किती वर्षं केलंय. फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. दोन टोकं तंतोतंत समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करावी लागतात. चिकटपट्टीच्या आत दोन मेलेली टोकं एकमेकांना टेकून बसली होती, आणि वर माती पडली असती तर ती कुठे आहेत हेही कळलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बकेटचा दात केबलीत अडकतो तेव्हा ती जागेवर कापली जात नाही, आधी ओढली जाते. वरचं काळं आवरण ताणलं जातं, आतल्या काचेला तेवढा ताण सोसत नाही. त्यामुळे खड्ड्यात दिसते ती एक तुटलेली जागा, आणि दुसरी तिथून बऱ्याच अंतरावर, जमिनीखाली, आवरण शाबूत असताना झालेली असते. म्हणून दोन्ही टोकं आहेत तशी राहू द्यायची. ओढायची नाहीत आणि ‘साफ करून’ छाटायचीही नाहीत, कारण छाटलेला प्रत्येक फूट पुढे नव्या केबलीनं भरावा लागतो. खड्डा उघडा ठेवायचा, दोरी लावायची, जवळची मोरी किंवा खांब दिसेल असा फोटो काढायचा. काचेचे तुकडे दिसत नाहीत आणि पायात रुतले तर काढता काढता नाकी नऊ येतात, तेव्हा अनवाणी मुलांना लांब ठेवायचं. तुटलेल्या टोकात डोळा घालून प्रकाश येतो का तेही बघायचं नाही. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

मुकादमानं खड्डा तसाच ठेवला. जेसीबी पुढे न्यायला मात्र तो एका पायावर तयार होता. तेही थांबवलं, कारण ज्या रेषेत केबल सापडली त्याच रेषेत ती पुढेही असणार.

कंपनीची माणसं रत्नागिरीहून तीनच्या सुमारास आली. तोवर गावात शिव्यांचा रतीब सुरू झाला होता. टॉवर बंद पडल्याचं कंपनीला त्याच मिनिटाला दिसतं, पण कुठे तुटलं ते दिसत नाही. ते सांगतं ओटीडीआर नावाचं यंत्र. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा वेळ मोजून अंतर काढतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून यंत्र थोड्या मीटरांच्या फरकानं जागा दाखवतं. पण ते अंतर फायबरचं, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक जॉइंटपाशी केबलीचं वेटोळं राखून ठेवलेलं असतं, तेही त्यात मोजलं जातं. दुचाकीच्या मीटरवर बघत गेलात तर खऱ्या जागेच्या पुढे जाल. आमच्याकडे जागा डोळ्यासमोर होती, तरी त्यातल्या अनुभवी माणसानं खड्ड्यातूनच दोन्ही दिशांना यंत्र लावलं. पूर्णगडकडची बाजू ठीक निघाली. पावसच्या बाजूला ३८ मीटरवर फायबर संपत होतं, आणि तिथे तर कुणी खणलंच नव्हतं. ओढ बसून आत तुटलेली ती दुसरी जागा. ती न तपासता जॉइंट मारला असता, तर रात्री दहाला सगळं बंद करून दिवे तपासताना पुन्हा अंधार सापडला असता.

मग जांभ्यात हातानं खणणं आलं. मऊ मातीत केबल १६५ सेंटीमीटर खोल टाकायचा खात्याचा रिवाज. जांभा लागला की ती खोली गाठणं महाग पडतं आणि ठेकेदार फूट-दीड फुटावर भागवतो. कोकणात केबली इतक्या तुटतात त्याचं निम्मं कारण हे आहे, सगळा दोष जेसीबीवाल्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

जोडायला एवढा वेळ का लागतो? केबल २४ कोअरची होती. मधला खराब तुकडा काढून नवा घालायचा म्हणजे जॉइंट एक नाही, दोन, आणि जोड २४ नव्हे तर ४८. प्रत्येक कोअर सोलायची, स्पिरिटनं पुसायची, काटकोनात छाटायची, यंत्रात वितळवून जोडायची, वर नळी चढवून तापवायची. सरावाच्या माणसाला एका जोडाला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी केबल सोलणं, नंतर कोअर ट्रेमध्ये वळवून बसवणं आणि क्लोजर बंद करणं, हे वेगळं. वाऱ्यात आणि धुळीत हे करायचं, तेही दोन कंपन्यांच्या केबलींवर. म्हणून ‘दोन तासांत येईल’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर तो माणूस खड्ड्यापाशी नाही एवढं ओळखावं. खरा प्रश्न विचारायचा तो असा: ओटीडीआर लागला का, आणि जॉइंट एक की दोन? एक असेल तर संध्याकाळ, दोन असतील तर रात्र धरून चाला.

नेट परत आलं तेही टप्प्याटप्प्यानं. आधी टॉवरच्या आणि मोठ्या जोडाच्या कोअर घेतात, घरगुती ग्राहकांच्या मागाहून. नऊला मोबाइल लागला, मध्यरात्रीनंतर बहुतेक घरं. एक वाडी मात्र लालच राहिली. तिथल्या दोन कोअर अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या होत्या, आणि क्लोजर पुन्हा उघडायला माणूस चौथ्या दिवशी आला. म्हणून ‘गावाचं नेट आलं’ यावर विसंबू नये. प्रत्येक घरानं आपली तक्रार स्वतंत्र नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. शेजाऱ्यानं केली आहे, हे चालत नाही. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, त्यांत लँडलाइन-ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भरपाईची तरतूद आहे. त्या वाडीत क्रमांक होते त्यांना मागायला आधार होता, बाकीचे नुसतेच चिडले. आम्ही बाकी सगळे तीन दिवसांच्या आत सुटलो, म्हणजे नियमानं हाती काही नाही.

हे टाळता आलं असतं का? मुकादमाला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे नाव ठाऊक नव्हतं. दूरसंचार विभागाचं हे अ‍ॅप २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. खणणाऱ्यानं जागा आणि तारीख टाकली की तिथे ज्यांच्या केबली वा नळ नोंदलेले आहेत त्यांना सूचना जाते, आणि ते आपली लाइन कुठून जाते ते कळवतात. खणण्याआधी अशी सूचना द्यावी, असा नियमही त्याच वर्षाच्या जानेवारीत अधिसूचित झाला. ग्रामपंचायतीनं ना-हरकत देतानाच या नोंदीचा कागद मागावा, हे मी आमच्या सरपंचांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. पण नकाशावर दिसतं ते नोंदलेलंच. गावातल्या केबलवाल्यानं गडग्याच्या कडेनं पुरलेली तार त्यात नसते. म्हणून यंत्र लावण्याआधी ठरावीक अंतरावर कुदळीनं आडवे चाचणी खड्डे घ्यायचे. रंगीत प्लॅस्टिकचा पाइप किंवा इशाऱ्याची पट्टी लागली की तिथून पुढे हातानंच.

शेवटचं राहिलं पावसाचं. हंगामात घाईनं मारलेला जॉइंट उन्हाळाभर चालतो, आणि क्लोजरचं झाकण नीट बसलं नसेल तर जूनमध्ये पाणी आत जातं. दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात मोडेमच्या पानावरचा `Rx Power` हा आकडा वहीत लिहून ठेवा. तो उणे असतो. उणे १८ ते २२ असला तर छान, उणे २७ च्या खाली गेला की नेट अडखळतं. वहिनीकडे तो उणे १९ होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर उणे २६ दिसला तेव्हा नेट अजून चालू होतं, पण तिनं दोन्ही आकडे सांगून तक्रार नोंदवली. माणसानं येऊन क्लोजर उघडलं, त्यातलं वाटीभर पाणी ओतलं, तीन जोड नव्यानं मारले आणि झाकणाचं रबर बदललं.