हवेवर ढकलून मोकळे

पनवेलच्या माणसाला दमा असला की डॉक्टरांचं काम सोपं होतं. तळोज्याच्या कंपन्या आहेत, हायवेची धूळ आहे, पावसाळ्यात भिंतींना बुरशी आहे. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी या तिन्हींवर सगळं ढकललं, आणि तेही पुरेना तेव्हा टेन्शनवर. मी म्हटलं, डॉक्टर, त्रास पाळीच्या आधी वाढतो. मान वर न करता, लिहिता लिहिता ते म्हणाले, "बायकांना त्या दिवसांत सगळंच वाढल्यासारखं वाटतं." वाढल्यासारखं! रात्री दोन वाजता पाठीमागे उशा रचून बसलेल्या बाईला हे ऐकवायचं.

मग हॉर्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या. चांगले पैसे गेले, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि विजयी चेहऱ्याने तो माझ्यापुढे सरकवण्यात आला. इथेच मेख आहे. पाळीच्या सुमारास दमा बळावणाऱ्या बायकांच्या रक्तातलं हॉर्मोनचं प्रमाण बहुतेक वेळा इतर बायकांसारखंच असतं. पाळी येण्याआधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही झपाट्याने उतरतात, ते सगळ्यांचेच. प्रोजेस्टेरॉन श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल ठेवायला मदत करतं, आणि सूज कमी-जास्त होण्यातही या हॉर्मोन्सचा हात असतो. काहींची श्वासनलिका या उताराला जास्त बिथरते. नेमकं का, यावर तज्ज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणून त्रास खोटा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या त्रासांवर १९३१ साली लिहिलं, त्यातही दमा आहे.

मला सोडवलं ते कालनिर्णयने. दुधाच्या हिशोबाच्या चौकटीतच मी पाळीला लाल टिंब आणि निळ्या पंपाच्या प्रत्येक वापराला एक रेघ मारत होते. एक दिवस पानं मागे-पुढे करताना दिसलं, की रेघांचे पुंजके दर महिन्याला लाल टिंबाच्या जरा आधी. तळोज्याची हवा काही माझी तारीख बघून सुटत नाही! दुसऱ्या डॉक्टरांनी ते पान शांतपणे पाहिलं आणि पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितलं. साधी प्लास्टिकची नळी, काट्याची, काही शे रुपयांत मिळते.

सकाळ-संध्याकाळ, निळा पंप घेण्याआधी, उभं राहून पूर्ण श्वास भरायचा आणि एका दमात जोरात फुंकायचं. तीनदा, आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. एका महिन्यावर जाऊ नका, योगायोग असू शकतो. दोन-तीन पाळ्यांची नोंद हवी. माझा आकडा एरवी ३८० च्या आसपास असायचा, पाळीच्या आदल्या दिवशी २९०. म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश घट. असा आकडा समोर ठेवला की 'वाढल्यासारखं' म्हणायची कोणाची टाप नसते.

याच वहीत आणखी एक गोष्ट लिहा, जी मला कोणीच विचारली नव्हती. पोटदुखीची गोळी कधी घेतली, ती वेळ. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्या काही दमेकऱ्यांना सोसत नाहीत. गोळीनंतर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत नाक चोंदतं, पाणी वाहतं, छाती भरते. नाकात पॉलिप असलेल्यांना हा धोका जास्त. आकडा गोळीच्या आधीच, दुखणं सुरू व्हायच्या अगोदरच घसरत असेल, तर मूळ गोळीत नाही. माझं तसंच निघालं. गोळीनंतर बिघडत असेल तर ती बंद करून डॉक्टरांना सांगा. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, आणि गरम पाण्याची पिशवी आहेच. मेडिकलवाल्याला नुसतं "पोटात दुखतंय" म्हणू नका, दमा आहे हेही सांगा, कारण तो विचारणार नाही.

उपाय काही जादूचा नाही. स्टेरॉइडचा रोजचा पंप बरं वाटलं की सोडून द्यायचा नाही, आणि आपण तो नीट ओढतो का हे डॉक्टरांसमोर करून दाखवायचं. त्या ठराविक दिवसांपुरता डोस वाढवायचा का, हे वहीकडे बघून त्यांनीच ठरवायचं. गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींना फरक पडतो, काहींना नाही; शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. पाणी प्या, झोपा वगैरे सगळे सांगतातच.

एक मात्र घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपानेही उतार पडत नसेल, तर "त्या दिवसांचं आहे, सकाळी बघू" असं म्हणून बसायचं नाही. निळा पंप चालू ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा.