उत्तर बरोबर, तरी उत्तरसूचीशी जुळत नाही

आम्ही बँकेत कारकुनी करतो. पदवी कला शाखेची, त्यामुळे गणितावर लिहिण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही. परंतु व्याजाचे आकडे रोज हाताखालून जातात आणि रविवारी अभ्यासिकेत बसणारी मुले आपली उदाहरणे आमच्यापुढे ठेवतात. गेल्या वर्षी अशाच एका उदाहरणावर दोन रविवार गेले. तो प्रसंग इतर विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

नागसेनवनातील एका महाविद्यालयात बी.कॉम. करणारी आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी वही घेऊन आली. उदाहरण असे होते : ४,००,००० रुपयांचे शैक्षणिक कर्ज, व्याजाचा दर द.सा.द.शे. १०, मुदत ७ वर्षे, व्याजाची आकारणी दरमहा. तर समान मासिक हप्ता किती? तिचे उत्तर ६,५५८ रुपये. पुस्तकामागील उत्तरसूचीत ६,६४० रुपये. फरक ८२ रुपयांचा. तिने तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा ६,५५८ च आले. शेवटी तिने ठरवले की आपल्याला सूत्रच समजलेले नाही. मैत्रिणीच्या वहीतून दुसरेच एक सूत्र उतरवून घेतले आणि आपले सूत्र लाल शाईने खोडून टाकले.

आम्ही वही पाहिली. खोडलेले सूत्र बिनचूक होते. उतरवून घेतलेले सूत्र सरळव्याजाचे होते आणि या उदाहरणाला मुळीच लागू नव्हते.

"काका, मग उत्तर का येत नाही?" असे तिने विचारले. आम्ही तिला पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सांगितले.

सूत्र असे. मुद्दल म, एका महिन्याचा व्याजदर द आणि महिने ८४. एक अधिक द ही संख्या स्वतःशी ८४ वेळा घेऊन गुणाकार केला की जी संख्या येते तिला घ म्हणू. मग

हप्ता = म × द × घ ÷ (घ − १)

मुलीने पहिल्या ओळीत दरमहाचा दर काढला होता. १० टक्क्यांना १२ ने भागले, म्हणजे ०.१० ÷ १२ = ०.००८३३३३... ही ३ पुढे संपत नाही. शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने ती तीन दशांश स्थळांपर्यंत घेऊन ०.००८ लिहिली आणि पुढे निघाली. त्यानंतर एकही चूक नव्हती. घ ची किंमत १.९५२९ आली, ती ०.००८ साठी अगदी बरोबर आहे. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर ६,५५८.

आम्ही तिला विचारले, "तू लिहिलेल्या ०.००८ ला परत १२ ने गुण बरे." तिने गुणले. ०.०९६ आले. म्हणजे ९.६ टक्के! पुस्तकाने १० टक्क्यांचे कर्ज विचारले होते, तिने ९.६ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता काढला होता. तिचे उत्तर चुकीचे नव्हतेच. ते दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर होते.

येथे मुलांचा एक गैरसमज होतो. तीन दशांश स्थळे घेतली म्हणजे पुरेशी काळजी घेतली, असे त्यांना वाटते. परंतु ०.००८ या संख्येत दशांशचिन्हापुढची पहिली दोन शून्ये केवळ जागा दाखवतात. कामाचा अंक एकच, ८. मोजताना दशांश स्थळे न मोजता पहिल्या शून्येतर अंकापासून पुढचे अंक मोजावेत, त्यांना सार्थ अंक म्हणतात. ४१.६६७ मध्येही तीन दशांश स्थळे आहेत, पण सार्थ अंक पाच आहेत. लहान संख्येच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो.

म्हणून तोच हप्ता आम्ही तिच्याकडून निरनिराळे दर घेऊन काढवला. दोनच दशांश स्थळे घेऊन ०.०१ लिहिले तर दर वर्षाला १२ टक्के होतो आणि हप्ता ७,०६१ रुपये येतो. ०.००८ ला ६,५५८. ०.००८३ घेतले तर दर ९.९६ टक्के आणि हप्ता ६,६३२. ०.००८३३ ला सुमारे ६,६३९ रुपये ६५ पैसे, म्हणजे पूर्ण रुपयात ६,६४०. कॅल्क्युलेटरवर दिसतात तेवढे सर्व अंक ठेवले तर ६,६४० रुपये ४७ पैसे. ही रांग पाहिल्यावर मुलीचा चेहरा खुलला.

या रांगेतच एक परीक्षा दडलेली आहे. उत्तर सूचीशी जुळले नाही, तर रीत न बदलता पहिल्या पायरीत दोन अंक वाढवून तेच उदाहरण पुन्हा करावे. उत्तर सूचीच्या दिशेने सरकले आणि तिच्यापाशी येऊन थांबले, तर दोष राउंड ऑफचा. उत्तर जागचे हलले नाही, किंवा हलूनही लांबच राहिले, तर मात्र रीत किंवा आकडेमोड तपासावी. मुलीने ही परीक्षा न करता सूत्र बदलले होते.

"पण ८२ रुपयांनी काय बिघडते?" असा प्रश्न शेजारी बसलेल्या मुलाने केला. प्रश्न रास्त आहे. समजा, या कर्जावर कोणी दरमहा ६,५५८ रुपयेच भरले. ८२ रुपये गुणिले ८४ महिने, म्हणजे ६,९०० च्या आसपास कमी भरणा होईल, असे वाटते. प्रत्यक्षात सात वर्षांनी खात्यावर सुमारे ९,९७५ रुपये बाकी निघेल. कारण पहिल्या महिन्यात कमी पडलेल्या ८२ रुपयांवर पुढचे ८३ महिने व्याज चढते, दुसऱ्या महिन्यातल्यावर ८२ महिने, आणि असेच पुढे.

हाच मुलगा नंतर आपली वही घेऊन आला. त्याने दर ०.००८३३३३ असा पूर्ण घेतला होता, पण घ काढताना घाई केली होती. ८४ वेळा गुणण्याऐवजी तो वर्ग करत गेला, ही रीत चांगली आहे. वर्गाचा वर्ग, पुन्हा वर्ग असे करत ६४ व्या घातापर्यंत जायचे आणि ६४, १६ व ४ या घातांचा गुणाकार करायचा, की ८४ होतात. पण पहिला वर्ग १.०१६७३६१ आला, तो त्याने १.०२ केला. त्यामुळे शेवटी २.००७९ ऐवजी घ ची किंमत २.२९७२ झाली आणि हप्ता सुमारे ५,९०३ रुपये. मुलीपेक्षाही कितीतरी लांब! पहिल्या वर्गातली तफावत एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. प्रत्येक वर्गाबरोबर ती जवळजवळ दुप्पट होत गेली. शिवाय सूत्रात घ मधून १ वजा होतो, तेथे मोठी संख्या लहान होते आणि तफावत तेवढीच राहते, म्हणून ती आणखी ठळक होते. वजाबाकी असलेल्या सूत्रात त्यामुळे अधिक सावध राहावे.

हे केवळ मुलांच्या वहीत घडते असे नाही. कॅनडातील व्हँकूवर येथील शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० अंकांपासून आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर संगणक तो नव्याने काढी आणि तीन दशांशांपुढचे अंक सरळ कापून टाकी. असे दिवसातून हजारो वेळा होई. कापलेला तुकडा नेहमी खालच्याच बाजूचा, त्यामुळे निर्देशांक घसरत राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२५ दाखवत होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो सुमारे १,०९९ निघाला. बाजार वर गेला होता आणि आकडा निम्म्यावर आला होता. अंक कापणे आणि जवळच्या अंकाला नेणे यांतला फरकही येथे दिसतो : जवळच्या अंकाला नेताना चुका कधी वर, कधी खाली होतात आणि काही प्रमाणात एकमेकींना खातात, नुसते कापले तर त्या एकाच बाजूला साचतात.

दुसऱ्या रविवारी मुलीने त्याच पुस्तकातले आणखी एक न जुळणारे उदाहरण आणले. ५०,००० रुपये मुदत ठेव, द.सा.द.शे. ७, तिमाही चक्रवाढ, ३ वर्षे. तिचे उत्तर ६१,५७२. सूचीत ६१,५००. या वेळी तिने सर्व अंक ठेवले होते आणि तरी जुळत नव्हते. आम्ही सूचीतल्या उत्तराला मुद्दलाने भागायला सांगितले. ६१,५०० ÷ ५०,००० = १.२३, पुढे काही नाही. खरी किंमत, म्हणजे १.०१७५ चा १२ वा घात, १.२३१४३९ आहे. चक्रवाढीत असा दोन अंकांत संपणारा गुणक सहसा येत नाही. सूची करणाऱ्यानेच मध्येच राउंड ऑफ केले होते. ७२ रुपयांचा फरक त्याच्या पदरी, मुलीच्या नव्हे. तिने पेन्सिलीने सूचीतला आकडा दुरुस्त केला, आम्ही हरकत घेतली नाही.

मात्र एक अपवाद सांगून ठेवतो. प्रश्नातच "√३ = १.७३ घ्या" किंवा "π = ३.१४" असे दिलेले असेल, तर तीच किंमत घ्यावी. ६० मीटर गुणिले √३ चे उत्तर तेव्हा १०३.८ हवे. १.७३२ घेऊन १०३.९२ लिहिले तर ते अधिक सूक्ष्म खरे, पण विचारले त्याचे नव्हे. किंमत दिलेली नसेल तर मधल्या पायऱ्यांत पाच-सहा सार्थ अंक ठेवावेत, शक्य तेथे ०.१० ÷ १२ असा भागाकार तसाच लिहून पुढे न्यावा आणि राउंड ऑफ फक्त शेवटच्या ओळीत करावे.

निघताना मुलीने विचारले, "बँक तरी ४७ पैसे कुठे घेते?" बँकही हप्ता पूर्ण रुपयातच ठरवते. या कर्जावर दरमहा ६,६४० रुपये घेतले, तर ते ४७ पैसे व्याजासह साठत जातात आणि सात वर्षांत सुमारे ५७ रुपये होतात. ८३ हप्ते ६,६४० चे झाले की चौऱ्याऐंशीवा सुमारे ६,६९७ रुपयांचा घ्यावा लागतो, तेव्हा खाते शून्यावर येऊन बंद होते.