मीटर उशिरा येणार असेल, तर अर्ज कसा लिहायचा?

मैत्रिणींनो, समजा गटाचं मसाला कांडप यंत्र ठरलंय, पण थ्री-फेज मीटर दोन महिने उशिरा मिळणार आहे. ग्रामसंघाला नुसतं "काम थांबवा" असं लिहू नका. वीज अर्जाची पावती जोडा आणि तोटा मांडा. कर्ज दोन लाख, व्याज वर्षाला 12 टक्के. सगळी रक्कम उचलली, तर यंत्र बंद असूनही महिन्याला 2,000 रुपये व्याज. आगाऊ द्यायला फक्त 40,000 उचलले असतील, तर 400च.

मग मार्ग लिहा. जनरेटर भाड्याने मिळेल, पण किलोमागे डिझेलचा खर्च काढा. कांडपाची मजुरी त्यातच जाते का, ते पाहा. सिंगल-फेजवरची लहान चक्की चालेल, पण मोठं यंत्र आलं की ती पडून राहते.

शेवटी आपलं मत स्पष्ट लिहा: "यंत्राची डिलिव्हरी आणि कर्जाची उरलेली रक्कम मीटर बसेपर्यंत थांबवावी. दोन महिन्यांत मीटर न आल्यास बैठकीत पुन्हा ठरवू." दुकानदाराकडून जुन्याच भावात नवी तारीख लेखी घ्या. आणि हो, मिरची आत्ताच भरून ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरली की बुरशी येते.