काना आधी, पहिली वेलांटी शेवटी : वाचनारंभाच्या सरावपत्रिकेविषयी

आपल्या निवासी शाळेत दरवर्षी जूनमध्ये काही मुले अशी दाखल होतात की ज्यांना बाराखडी खडखडीत पाठ असते. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ हा पाढा ती न अडखळता म्हणतात. मात्र फळ्यावर ‘मी’ किंवा ‘दिवा’ असा सुटा शब्द लिहिला की गप्प होतात. अशा मुलाला वर्गात मंद ठरवले जाते. वास्तविक त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. पाढ्यात एक अक्षर पुढच्या अक्षराची आठवण करून देते, शब्दात तो आधार सुटतो, एवढेच. घरी वाचून दाखवणारे कोणी नसेल तर ही उणीव भरून काढण्याचे काम शाळेने दिलेल्या कागदावरच येऊन पडते. म्हणून तो कागद, म्हणजे सरावपत्रिका, कशी रचावी आणि स्वरचिन्हे कोणत्या क्रमाने आणावीत, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

पहिल्या पत्रिकेवर एकही स्वरचिन्ह नसावे. क, घ, च, त, द, न, ब, म, र, ल, व, स ही बारा अक्षरे सुरुवातीला पुरेशी आहेत. त्यांतून घर, रस, बस, मन, वर, कर, चल, बदक असे मुलाच्या कानावर असलेले शब्द तयार होतात. ब आणि व दिसायला सारखे असल्याने ते एका ओळीत शेजारी ठेवू नयेत. घ शिकवताना ध, आणि म शिकवताना भ पुढे ढकलावा.

येथेच मराठी वाचनातली पहिली खरी अडचण उभी राहते. आपण मुलाला ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे अकारासह शिकवतो. परंतु ‘घर’ म्हणताना शेवटच्या र मधला अ उच्चारीत नाही. मूल प्रामाणिकपणे दोन्ही अक्षरे पूर्ण म्हणते आणि त्याच्या तोंडून ‘घरा’ सारखे काहीतरी बाहेर पडते. ऐकणारा ‘चुकले’ म्हणतो, पण काय चुकले ते मुलाला समजत नाही. उपाय सोपा आहे. ‘घ’ लांबवून म्हणावा, र वर आवाज थांबवावा, आणि लगेच ‘तू कुठे राहतोस?’ असे विचारावे. अर्थ सापडला की उच्चार आपोआप सुधारतो. म्हणूनच सुरुवातीच्या पत्रिकेत मुलाला ठाऊक नसलेला शब्द घालू नये. अनोळखी शब्दात स्वतःची चूक ओळखण्याचे साधनच त्याच्यापाशी राहत नाही.

दुसरी पत्रिका कान्याची. काना अक्षराच्या उजवीकडे उभा राहतो, डोळा ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने त्याचा आवाज येतो आणि तो कानाला स्पष्ट ऐकू येतो. तिन्ही बाजूंनी सोपे असे हे पहिले चिन्ह आहे. ही पत्रिका आम्ही पूर्ण देत आहोत, कारण पुढील सर्व पत्रिका याच साच्यावर रचता येतात.

पहिली ओळ : म मा, क का, रा र, ता त, ना न, स सा
दुसरी ओळ : दर – दार, तर – तार, मन – मान, नव – नाव
तिसरी ओळ : बस – बसा, कर – करा, चल – चला
चौथी ओळ : कान – नाक, तास – सात, काका, मामा, वारा, चारा
पाचवी ओळ : दादा, दार लाव. काका, बसा. मामा, चला. बाबा, नाव वाचा.

पहिल्या ओळीत जोड्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवला आहे, म्हणजे पाढा म्हणून ती पार करता येत नाही. दुसऱ्या ओळीत काना पहिल्या अक्षराला आहे. शब्दाचा शेवट तसाच राहतो आणि फक्त सुरुवात बदलते. तिसरी ओळ या पत्रिकेचा गाभा आहे. ‘बस’ मधला शेवटचा अ मुका आहे आणि ‘बसा’ मधला आ उघडा आहे. ज्या मुलाला ‘घर’ आणि ‘घरा’ यांतला फरक कळत नव्हता, त्याला तो येथे डोळ्यांनी दिसतो : काना नसेल तर थांबा, काना असेल तर तोंड उघडा. शिवाय हा फरक केवळ उच्चाराचा नाही. लहानग्याला ‘बस’ म्हणतात, वडीलधाऱ्याला ‘बसा’. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीला गावात केस पिकले तरी कान्यावाचूनच हाक मारली जात असे. त्या एका उभ्या रेघेचे मोल आपल्या मुलांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

चौथ्या ओळीतील ‘कान – नाक’ आणि ‘तास – सात’ या जोड्यांत अक्षरे तीच असून क्रम उलटा आहे. अक्षरे ओळखून शब्दाचा अंदाज बांधणारे मूल येथे हमखास सापडते. पाचव्या ओळीतील वाक्यांत न शिकवलेले एकही अक्षर किंवा चिन्ह नाही, हे पाहून घ्यावे. ‘नळ बंद करा’ हे वाक्य सोपे वाटते. परंतु त्यातील ळ आणि अनुस्वार हे दोन्ही मुलाला अजून भेटलेले नाहीत. पत्रिकेच्या माथ्यावर स्वतंत्र ‘आ’ लिहावा आणि सांगावे की शब्दाच्या आरंभी हाच आवाज ‘आ’ असा लिहितात, अक्षराला जोडताना त्याचा काना होतो. पुढे प्रत्येक चिन्हासोबत त्याचा स्वर असाच यावा.

कान्यानंतर बाराखडीत पहिली वेलांटी येते. आम्ही मात्र तेथे दुसरी वेलांटी घेतो. तीही उजवीकडे असते; आणि मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार, ‘आणि’ व ‘नि’ असे मोजके अपवाद वगळता, दीर्घच लिहितात. त्यामुळे मी, ती, नदी, माती, चावी, मामी असे रोजचे शब्द लगेच वाचता येतात. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकारही दीर्घ असतो, म्हणून तीन आणि वीस हेही याच पत्रिकेत बसतात. यानंतर एक मात्रा : तेल, केस, वेल. काना आणि मात्रा दोन्ही परिचयाचे झाले की काना-मात्रा हे नवे चिन्ह न वाटता दोन ओळखीच्या खुणांची जोडी वाटते : मोर, दोन, चोर, सोने.

मग उकार, आणि येथेही दीर्घ आधी : चूल, सून, काकू. त्यामागून पहिला उकार : चुली, सुना, सुरी. ‘चूल’ ची ‘चुली’ झाली की ऊ चा उ होतो, कारण शेवटचे अक्षर दीर्घ झाले. नियम सांगण्याची या वयात गरज नाही. शब्दांची जोडी एकाखाली एक लिहिली की पुरे. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मुलाच्या कानाला नेहमी जाणवतोच असे नाही, म्हणून वाचताना त्यासाठी त्याला अडवू नये. ‘गुण’, ‘विष’ असे तत्सम शब्द या जोड्यांच्या रीतीत बसत नाहीत, ते पुढच्या इयत्तेसाठी राखावेत. रु आणि रू यांत उकार अक्षराच्या पोटाशी लागतो, तेव्हा त्यांची ओळख वेगळी करून द्यावी.

पहिली वेलांटी सर्वांत शेवटी. ती लिहिली जाते अक्षराच्या डावीकडे, पण उच्चारली जाते अक्षरानंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतेच शिकलेले मूल ‘दिवा’ वाचताना आधी ‘इ’ म्हणते, मग ‘द’ म्हणते आणि अडकते. त्याची ही चूक तर्काला धरूनच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला याचे कारण लिपीच्या प्रवासात सापडते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीतही स्वरचिन्हे अक्षरालाच जोडलेली आहेत. तेथे आ ची खूण उजवीकडची छोटी आडवी रेघ आहे आणि इ ची खूणही अक्षराच्या माथ्यावर उजव्या अंगालाच आहे. सोपारा येथे सापडलेल्या अशोकाच्या लेखाच्या तुकड्याचे छायाचित्र पाहिले तरी ही रचना लक्षात येईल. पुढे शतकानुशतके लिहिणाऱ्या हातांनी ती खूण लांबवत आणि वळवत नेली, आणि नागरीत ती अक्षरावरून डावीकडे उतरली. म्हणजे मूल अडखळते ते लिपीने घेतलेल्या एका वळणावर.

ही पत्रिका शिकवताना दोन चिठ्ठ्या घ्याव्यात. एकीवर ‘द’ लिहावा, दुसरीवर नुसती वेलांटी. आधी ‘द’ ठेवून वाचून घ्यावा, मग वेलांटी डावीकडून सरकवत आणून ‘दि’ म्हणावे. वाचताना मुलाचे बोट वेलांटीवर नव्हे, अक्षरावर असावे. त्यानंतर दी – दि, मि – मी, की – कि अशी मिसळलेली ओळ, आणि मग दिवा, किती, विकत, दिवस हे शब्द. मूल वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहू लागले, तर आवाजाचा क्रम त्याला कळला आहे, केवळ जागा शिकवायची राहिली आहे, असे समजावे. अनुस्वार, दोन मात्रा आणि काना-दोन मात्रा यांनंतर घ्याव्यात. जोडाक्षरे हा स्वतंत्र टप्पा आहे.

या क्रमाला एक मर्यादा आहे, तीही नोंदवली पाहिजे. पहिली वेलांटी उशिरा आल्याने ‘दिवस’, ‘किती’, ‘लिही’ असे नित्याचे शब्द काही आठवडे पत्रिकेबाहेर राहतात. पाठ्यपुस्तकात ते आधीच आलेले असतील, तर शिक्षकाने ते स्वतः वाचून दाखवावेत, मुलाकडून वाचून घेऊ नयेत.

एका पत्रिकेला साधारण आठवडा द्यावा आणि रोज पंधरा मिनिटे पुरेत. सायंकाळच्या अभ्यासिकेत सातवी-आठवीचा विद्यार्थीही ही पत्रिका चालवू शकतो. त्याने लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच : मूल अडले तर ‘काना’, ‘वेलांटी’ ही नावे विचारू नयेत, आवाज विचारावा, आणि शब्द वाचून झाला की त्याचा अर्थ विचारावा.

पुढच्या पत्रिकेवर जाण्यापूर्वीची परीक्षा घरी पालकांनाही घेता येईल. शिकवलेल्या अक्षरांचे, पण पत्रिकेत नसलेले पाच शब्द कागदावर लिहावेत. कान्याच्या पत्रिकेनंतर वार, ताक, मासा, लाल, सरबत हे चालतील. मुलाने त्यांतले चार पाढा न म्हणता वाचले तर पुढे जावे. ‘ताक’ चे ‘ताका’ झाले तर तिसऱ्या ओळीकडे परतावे. ‘वार’ चे ‘वर’ झाले तर दुसरीकडे. ‘सरबत’ अडले तर घाबरू नये, कारण तेथे ‘सर’ आणि ‘बत’ असे दोन तुकडे पाडावे लागतात आणि मधला अ ही मुका होतो. शब्दाखाली बोटाने दोन कंस काढून द्यावेत, आणि मुलाला दोन्ही तुकडे स्वतःच जोडू द्यावेत.