सत्ताविसावी चाल नव्हे, आठवी

चि. सई,


तुझी वही मिळाली. हरलेल्या डावाखाली लाल शाईनं एकच ओळ लिहिली आहेस: '२७व्या चालीला हत्ती हलवला, शेवटच्या ओळीवर मात. मूर्खपणा.' मूर्खपणा हा काही चुकीचा प्रकार नव्हे गं, त्यावर सराव काय करणार?

मी तुझा डाव पटावर शेवटापासून मागे नेत गेलो. दर दोन-तीन चालींनी थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, 'या क्षणी कुणी पट फिरवून काळी मोहरी दिली, तर आनंदानं घेईन का?' २६व्या चालीला उत्तर हो, कारण तुझा उंट केव्हाच गेला होता. विसाव्याला हो, बाराव्यालाही हो. आठव्या चालीच्या आधी मात्र मी पांढरीच ठेवली असती. डाव फिरला तो तिथं. २७व्या चालीनं फक्त तो संपला.

आता ती आठवी चाल बघ. स्पॅनिश सुरुवात, तुझा उंट बी-३ वर. डी-४ वर घोड्यांची मारामारी झाली आणि तिथं काळ्याचं प्यादं उरलं. ते तुला फुकटचं वाटलं नि तू वजिरानं मारलंस. त्यानं सी-५ करून वजिरावर हल्ला केला. तू वजीर डी-५ला नेलास. एफ-७वर मात आणि कोपऱ्यातला हत्ती, अशा दोन धमक्या एकदम! त्यानं उंट ई-६ला आणून दोन्ही थोपवल्या. तू सी-६वरून शह दिलास, त्यानं तोच उंट डी-७ला आणला, तू पुन्हा डी-५ला. मग आलं सी-४. बी-३चा उंट अडकला: मागे ए-२ आणि सी-२वर तुझीच प्यादी, ए-४वर त्याच्या बी-५च्या प्याद्याची नजर, पुढे सी-४ बंद. उंट देऊन दोन प्यादी मिळाली, एवढंच.

याला 'नोआज आर्क' सापळा म्हणतात. मन फार खट्टू करू नकोस. १९२९मध्ये बुडापेस्टला एन्द्रे श्टायनर कापाब्लांकाविरुद्ध याच चाली खेळून हरला होता. आठव्या चालीला आधी उंट डी-५ला न्यायचा. हत्तीवर हल्ला होतो, तो बी-८ला सरकतो, मग उंटानं सी-६वरून शह द्यायचा. उंटाला उंट गेला की वजिरानं निवांत डी-४चं प्यादं खायचं. तेच प्यादं, पण बी-३वर अडकायला कुणी उरलेलं नसतं.

आता चुकीचा प्रकार. मी प्रकार पाडतो ते चूक पटावर कशी दिसते यावरून नाही, डोक्यात कशी झाली यावरून. माहीतच नव्हतं, बघितलंच नाही, बघितलं पण मोजताना चुकलं, किंवा मनच डावात नव्हतं. प्रत्येकाचं औषध वेगळं. तू चालीशेजारी घड्याळाची वेळ लिहितेस, त्यानं हे ओळखणं सोपं झालं. आठव्या चालीला २० सेकंद, बाराव्याला १४ मिनिटं! विचार केलास, पण उंट अडकल्यावर. सापळा माहीत नव्हता हे कबूल. पण सी-५ ही वजिरावरची साधी धमकी होती आणि ती तू शोधलीच नाहीस. म्हणून मी ही चूक 'बघितलंच नाही' या खान्यात टाकतो. सापळा पाठ केलास तर हा एकच डाव सुधारेल. मारण्याआधी 'आता त्याचं कुठलं प्यादं पुढे येऊन माझ्या मोहऱ्याला हात घालेल?' एवढं पाहिलंस तर पुष्कळ डाव सुधारतील.

२७वी चाल याच खान्यात टाकू नकोस. तसल्या माता तू ढीगभर सोडवल्या आहेस, घड्याळात वेळही होता, तरी दहा सेकंदांत हत्ती उचललास. तू मनातून आधीच हरली होतीस. त्याला आणखी कोडी सोडवून काही होणार नाही. मोहरा गेला की एकदा उठून पाणी पिऊन ये.

दर वेळी मुळाची चूक इतकी मागे असतेच असं नाही हं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेशविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव. डिंग लिरेन ५४व्या चालीपर्यंत बरोबरीत होता. ५५व्या चालीला त्यानं हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशनं ती घेतली आणि लगेच उंट डी-५ला आणला. ए-८च्या कोपऱ्यातल्या डिंगच्या उंटाला ती अदलाबदल टाळायला घरच नव्हतं. उरल्या प्याद्यांच्या डावात गुकेश सरळ जिंकत होता. तिथं उलटं मागे गेलीस तर पहिल्याच पायरीवर थांबशील.

संगणक सगळ्यात शेवटी लाव. आठव्या चालीला आकडा कोसळलेला तो दाखवेल, पण ते २० सेकंद त्याला दिसत नाहीत.

मागचे तीन हरलेले डावही पाठव. मला बघायचंय, त्यांतही मारामारीच्या मध्येच घाई आहे का.

तुझा,
मामा