कॉशीचे सूत्र आणि वर्तुळावरचे इंटिग्रल : आधी आकडा नको, आधी चित्र काढा



बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांच्या वहीत हे उदाहरण हमखास सापडते. वर्तुळ |z| = 2, दिशा घड्याळाच्या उलट, आणि किंमत काढायची आहे याची :

```
∮ e^(2z) / (z+1)^4 dz
```

मुले लगेच सूत्र लिहायला घेतात. त्यांना थांबवा आणि आधी वर्तुळ काढायला सांगा. केंद्र शून्यावर, त्रिज्या 2. आता छेद कुठे शून्य होतो? z = -1 या बिंदूवर. हा बिंदू केंद्रापासून 1 अंतरावर आहे, म्हणजे वर्तुळाच्या आत. सगळी गंमत या एका बिंदूची आहे. तो बाहेर असता, समजा वर्तुळ |z| = 1/2 असते, तर आत आणि वर्तुळावर फलन सगळीकडे ॲनालिटिक राहिले असते आणि उत्तर सरळ शून्य आले असते. आणि वर्तुळ |z| = 1 असते तर? मग बिंदू नेमका रेषेवरच बसतो, तिथे हे सूत्र लागूच होत नाही. हे तीन प्रश्न वर्गात एकापाठोपाठ विचारून बघा, चित्र न काढणारी मुले तिसऱ्यावर नक्की अडखळतात.

आता कॉशीचे सूत्र. f हे फलन वर्तुळावर आणि आत ॲनालिटिक असेल आणि a हा बिंदू आत असेल, तर

```
∮ f(z) / (z-a)^(n+1) dz = (2πi / n!) · f⁽ⁿ⁾(a)
```

इथे f⁽ⁿ⁾ म्हणजे n वेळा काढलेला डेरिव्हेटिव्ह. आपल्या उदाहरणात अंशातले e^(2z) हेच f. त्याला कुठेच अडचण नाही. z+1 म्हणजे z-(-1), म्हणून a = -1. छेदाचा घात 4 आहे, तो n+1 आहे, म्हणून n = 3. सर्वात जास्त मार्क इथेच जातात : घात 4 दिसला की मुले चौथा डेरिव्हेटिव्ह काढतात. तेव्हा घात दिसला की त्यातून एक वजा करून n वहीत वेगळा लिहायची सवय लावा.

दर वेळी डेरिव्हेटिव्ह काढताना 2 बाहेर येतो, म्हणून तिसरा डेरिव्हेटिव्ह 8e^(2z). z = -1 ठेवले की 8e^(-2). मग

```
(2πi / 3!) · 8e^(-2) = 8πi / (3e²)
```

ही किंमत साधारण 1.134i येते.

आता हे बरोबर आहे हे कशावरून? पाठ केलेल्या सूत्रावर मुलांनी विश्वास का ठेवावा? एक दुसरी वाट आहे आणि माझ्या मते सूत्राच्या आधी तीच दाखवावी. z+1 ला w म्हणा. मग e^(2z) = e^(-2)·e^(2w). e^(2w) ची मालिका सगळ्यांना येते. तिला w⁴ ने भागले की w च्या वेगवेगळ्या घातांची पदे मिळतात. z = -1 भोवती एक फेरी मारली की w^(-1) सोडून प्रत्येक घाताचे इंटिग्रल शून्य होते, कारण त्या पदांचा प्रतिडेरिव्हेटिव्ह फेरी संपताना पुन्हा सुरुवातीच्याच किमतीवर येतो. 1/w चा मात्र लॉगरिदम होतो, आणि तो एका फेरीत 2πi ने वाढतो. तेव्हा उरते फक्त 1/w चे पद. त्याचा सहगुणक म्हणजे मालिकेतला w³ चा सहगुणक, 8/6, म्हणजे 4/3, आणि पुढे e^(-2). त्याला 2πi ने गुणा. तेच उत्तर! सूत्रातला n! कुठून आला हेही इथे आपोआप कळते, तो टेलरच्या मालिकेतला आहे.

एक छोटी तपासणीसुद्धा सांगून ठेवा. हे फलन वास्तव अक्षावर वास्तव किमती देते आणि वर्तुळ त्या अक्षाच्या वर-खाली सारखेच आहे. अशा वेळी उत्तर शुद्ध काल्पनिकच यायला हवे. कोणाच्या वहीत i गायब असेल, तर पुढचे न वाचताही चूक आहे हे समजते.

आता थोडे फिरवलेले उदाहरण, त्याच वर्तुळावर :

```
∮ e^z / ((z-1)²(z-3)) dz
```

छेदात दोन बिंदू आहेत, पण 3 वर्तुळाच्या बाहेर आहे. मग (z-3) ला छेदात वेगळे ठेवायचे कारणच नाही, त्याला f मध्येच घ्या : f(z) = e^z/(z-3). उरला (z-1)², म्हणजे n = 1, एकच डेरिव्हेटिव्ह. भागाकाराच्या नियमाने f'(z) = e^z(z-4)/(z-3)², आणि z = 1 ला त्याची किंमत -3e/4. उत्तर -3πei/2. इथे f = e^z एवढेच घेणारी मुले भेटतील. त्यांना पुन्हा चित्राकडेच न्या आणि विचारा, 3 कुठे आहे?